हॉट वॉलेट की कोल्ड वॉलेट? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या काही वर्षांत स्क्रीन बदलायला आलेला माणूस जाता जाता विचारतो, "बिटकॉइन मोबाईलमध्येच ठेवू का ते पेनड्राइव्हसारखं यंत्र घेऊ?" उभ्या उभ्या दोन वाक्यांत हे सांगता येत नाही, आणि अर्धवट सांगितलं तर नुकसान त्या माणसाचं होतं. म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. बिटकॉइनसारखं डिजिटल नाणं घ्यावं की नाही, भाव वर जाईल की खाली, याबद्दल इथे काहीही नाही. ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी ते कुठे ठेवावं एवढाच विषय आहे.

वॉलेटमध्ये नाणी असतात म्हणजे नेमकं काय असतं?

वॉलेटमध्ये नाणी नसतातच. कुणाच्या नावे किती, याची वही इंटरनेटवर हजारो कॉम्प्युटरवर एकाच वेळी लिहिलेली असते. तीच ब्लॉकचेन. तुमच्याकडे असते ती सही करण्याची गुप्त किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. त्या किल्लीनं सही केलेला व्यवहार वही मान्य करते. सही कुणी केली, राजीखुशीनं केली की फसवून करून घेतली, हे वहीला कळत नाही. बँकेत सही जुळली नाही तर शाखेतला माणूस फोन करतो. इथे फोन करणारं कुणीच नाही आणि झालेला व्यवहार मागे घेता येत नाही.

म्हणून वॉलेटबद्दल खरा प्रश्न एकच आहे: ही किल्ली कुठे राहते आणि सही कुठे होते?

मग हॉट आणि कोल्ड यांत फरक काय?

हॉट वॉलेटमध्ये किल्ली इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर असते. मेटामास्क, ट्रस्ट वॉलेट, फँटम, ब्लू वॉलेट ही मोबाईलमधली किंवा ब्राउझरमधली अ‍ॅप या प्रकारातली. सही त्याच मोबाईलवर होते. त्याच मोबाईलवर तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नपत्रिकेची फाईल उघडता आणि पोरं गेम टाकतात.

कोल्ड वॉलेटमध्ये किल्ली इंटरनेटपासून तोडलेल्या जागी तयार होते आणि तिथेच राहते. लेजर, ट्रेझर, कोल्डकार्ड ही त्यासाठी बनवलेली छोटी उपकरणं. व्यवहार मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर तयार होतो, केबलनं, ब्लूटूथनं, क्यूआर कोडनं किंवा मेमरी कार्डनं उपकरणात जातो, तिथे तुम्ही बटण दाबून सही करता आणि सही झालेला व्यवहार तेवढा बाहेर येतो. किल्ली बाहेर येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यानं आपल्या खोलीत बसूनच चेकवर सही करावी आणि पेन, शिक्का कधीच उंबऱ्याबाहेर जाऊ नये, तसं.

केबल जोडली की उपकरण "हॉट" झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. जोडलेलं असतानाही कॉम्प्युटरला फक्त सही मिळते, किल्ली मिळत नाही.

एक्स्चेंजच्या अ‍ॅपमध्ये माझी नाणी दिसतात. ते हॉट वॉलेटच ना?

नाही. एक्स्चेंज म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणारी कंपनी, आणि तिथे किल्ली त्या कंपनीकडे असते. तुम्हाला स्क्रीनवर दिसतो तो तुमच्या नावे कंपनीनं मांडलेला जमाखर्च. कंपनीची किल्ली गेली किंवा कंपनीनं दार बंद केलं की तो आकडा नुसता दिसत राहतो. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीला गेली, पैसे काढणं बंद झालं आणि ग्राहकांना वर्षभराहून अधिक काळ थांबावं लागलं. आपल्या भागातलेही लोक त्यात अडकले होते. दुकानात येऊन ते अ‍ॅप दाखवायचे. आकडा दिसत होता, हात मात्र लावता येत नव्हता.

तरीही एक्स्चेंजवर कुणीच काही ठेवू नये, असं मी म्हणत नाही. महिन्याला पाचशे रुपयांचं घेणाऱ्यानं दर महिन्याला नाणी बाहेर काढली तर शुल्कातच बरंचसं जाईल. त्यानं रक्कम थोडी साठू द्यावी आणि मग एकदाच काढावी.

हॉट वॉलेटमधून चोरी होते ती कशी? कुणीतरी पासवर्ड शोधतो का?

पासवर्ड शोधून काढण्याची गरज बहुधा पडत नाही. वॉलेट पहिल्यांदा सुरू करताना ते तुम्हाला १२ किंवा २४ इंग्रजी शब्द देतं. `abandon` पासून `zoo` पर्यंतच्या २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले ते असतात. हे शब्द त्या क्रमानं ज्याच्याकडे, किल्ली त्याच्याकडे. मोबाईल तुमच्या खिशात असला तरी दूरच्या माणसानं ते शब्द आपल्या मोबाईलमध्ये टाकले की त्याच्याकडे तेच वॉलेट उघडतं. मोबाईलचं लॉक, बोटाचा ठसा, सिमकार्ड कशाचाही त्याला अडसर होत नाही.

माझ्याकडे आलेल्या चोरीच्या प्रकरणांत सगळ्यात जास्त वेळा दिसलेली गोष्ट म्हणजे शब्दांचा स्क्रीनशॉट. "नंतर लिहून घेऊ" म्हणून काढलेला फोटो गॅलरीत राहतो, तिथून क्लाऊडवर जातो. कॅस्परस्कीच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पार्ककॅट नावाचा घातक प्रोग्रॅम उघडकीला आणला. तो गॅलरीतले फोटो वाचून त्यांत असे शब्द शोधायचा. अधिकृत प्ले स्टोअर आणि अ‍ॅप स्टोअरवरच्या काही अ‍ॅपमध्येही तो सापडला होता. तेव्हा "मी बाहेरून काही डाऊनलोड करत नाही" एवढ्यानं भागत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे मदतनीस बनून आलेला चोर. व्यवहार अडकला म्हणून तुम्ही टेलिग्रामच्या गटात विचारता, दोन मिनिटांत कुणीतरी अतिशय नम्रपणे खासगी मेसेज करतो आणि "वॉलेट पडताळून घ्या" म्हणून एक पान उघडायला सांगतो. त्या पानावर बारा रकाने असतात. ते भरले की संपलं. माझ्या एका जुन्या गिऱ्हाईकाचे यात सव्वा लाख गेले. माणूस शिकलेला, स्वतःचा हिशोब स्वतः बघणारा. त्या रात्री तो घाबरलेला होता आणि समोरचा धीर देत होता, एवढंच त्यात घडलं. शब्द फक्त वॉलेट नव्यानं उघडताना, वॉलेटमध्येच भरायचे असतात. बाकी कुणीही, कोणत्याही कारणानं मागितले तर तो चोर आहे.

तिसरा प्रकार परवानगीचा. इथेरियमसारख्या जाळ्यावर एखाद्या साइटला तुमची नाणी हलवण्याची परवानगी देता येते आणि पुष्कळदा ती अमर्याद रकमेची मागितली जाते. फुकट टोकन मिळेल म्हणून दिलेली परवानगी महिन्यांनंतरही चालू असते. यात शब्दही जात नाहीत आणि मोबाईलही हॅक होत नाही. सही तुमचीच असते.

कोल्ड वॉलेट घेतलं की हे सगळे धोके संपतात का?

पहिल्या प्रकारातला मोठा भाग संपतो, कारण शब्द उपकरणाच्या स्वतःच्या पडद्यावर दिसतात, मोबाईलवर येतच नाहीत. स्क्रीनशॉट काढायचा म्हटलं तरी निघत नाही. कुणी उपकरणाच्या पडद्याचाच मोबाईलनं फोटो काढला तर मात्र सगळं मुसळ केरात.

दुसरा प्रकार राहतोच. फसून शब्द स्वतःहून सांगणाऱ्याला कुठलंही उपकरण वाचवत नाही.

तिसराही राहतो, आणि इथेच लोक गाफील असतात. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजच्या कोल्ड वॉलेटमधून सुमारे दीड अब्ज डॉलरची इथेरियम नाणी गेली. किल्ल्या चोरीला गेल्या नव्हत्या. सही करणाऱ्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात ते दुसऱ्याच गोष्टीवर सही करत होते. वझीरएक्सच्या बाबतीतही पडद्यावरचा मजकूर आणि सही झालेला व्यवहार यांत फरक होता, असं कंपनीनं सांगितलं होतं. सही सुरक्षित जागी झाली, पण कागद न वाचता झाली.

आपल्यासाठी यातून निघणारी सवय साधी आहे. पैसे पाठवताना पत्ता आणि रक्कम मोबाईलवर नाही, उपकरणाच्या छोट्या पडद्यावर वाचायची. कॉपी केलेला पत्ता बदलून त्या जागी चोराचा पत्ता टाकणारे प्रोग्रॅम आहेत. ते मोबाईलचा पडदा फसवू शकतात, उपकरणाचा नाही. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं पाहून थांबू नका, मधलीही काही पाहा. दोन्ही टोकं सारखी दिसतील असे पत्ते मुद्दाम तयार केले जातात. आणि उपकरणावर नुसते अगम्य आकडे दिसून "तरीही सही करू का" असं विचारलं जात असेल, तर मोठी रक्कम असलेल्या खात्यातून ती सही करू नका.

किती रकमेला कोल्ड वॉलेट परवडतं?

साधं उपकरणही हातात पडेपर्यंत पाच-दहा हजारांत जातं. माझा अंदाज असा: उपकरणाची किंमत तुमच्या नाण्यांच्या दहाव्या भागापेक्षा जास्त होत असेल तर घाई नको. तीस हजारांच्या नाण्यांसाठी सात हजारांचं उपकरण घेण्यापेक्षा मोबाईलवरचं चांगलं वॉलेट आणि कागदावर नीट लिहिलेले शब्द पुरतात. लाखाच्या पुढे मात्र मी कोल्डच सांगतो, अर्थात पैसे वर्ष-दोन वर्षं हलवायचे नसतील तर.

पण रकमेपेक्षा मी दुसरं काही आधी विचारतो: घरातली महत्त्वाची कागदपत्रं तुम्हाला पाच मिनिटांत सापडतात का? कोल्ड वॉलेट चोराचा धोका कमी करतं आणि हरवण्याचा धोका तुमच्या अंगावर टाकतं. ज्यांना सात-बारा शोधायला अख्खं कपाट उपसावं लागतं, त्यांनी आधी ती सवय बदलावी, मग उपकरण घ्यावं. हे मी तोंडावर सांगतो आणि काहींना राग येतो.

प्रत्यक्ष एखाद्यानं कसं केलं, ते सांगाल का?

सांगतो, कारण खरं शिकण्यासारखं इथेच आहे.

माझा मावसभाऊ उद्यमनगरात टर्नर आहे, स्वतःची दोन लेथ आहेत. त्याच्याकडे एक्स्चेंजवर ०.०४ बिटकॉइन होता, त्यावेळचे सव्वादोन लाखांच्या आसपास. शिवाय मोबाईलच्या वॉलेटमध्ये पंधरा-वीस हजारांची इतर नाणी होती, ती तो अधूनमधून इकडे तिकडे करायचा. वझीरएक्सची बातमी आल्यावर तो म्हणाला, "दादा, आता झोप लागंना." आम्ही ठरवलं: बिटकॉइन कोल्डमध्ये, इकडे तिकडे करायची नाणी मोबाईलवरच.

सगळ्यात आधी त्याच्या एक्स्चेंजवरून नाणी बाहेर काढता येतात का, ते पाहिलं. काही भारतीय अ‍ॅपवर ही सोय नसते किंवा मोजक्या ग्राहकांनाच असते. हे न पाहता उपकरण घेऊन बसलेले लोक मला माहीत आहेत. त्याच्याकडे सोय होती.

उपकरण कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, नवं मागवलं. वापरलेलं स्वस्तात मिळत होतं, मी साफ नको म्हणालो. नव्या उपकरणात आधीपासून भरलेले शब्द कधीच नसतात. खोक्यात शब्द छापलेलं किंवा खरवडायचं कार्ड निघालं तर ते चोरानं ठेवलेलं असतं, कारण ते शब्द त्यालाही माहीत असतात. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची नावं आणि पत्ते फुटले, त्यानंतर काहींच्या घरी पोस्टानं बनावट उपकरणं आली होती. तुम्ही न मागवता "बदली उपकरण" दारात आलं तर ते जोडूही नका.

रविवारी सकाळी दार लावून बसलो. उपकरणानं स्वतःच्या पडद्यावर २४ शब्द दाखवले आणि त्यानं ते बॉलपेननं लिहिले. मी मुद्दाम पाठ फिरवून बसलो होतो. घरचा माणूस असलो तरी ते शब्द मी पाहण्याचं कारण नाही.

मग एक्स्चेंजवरून फक्त ०.००१ बिटकॉइन पाठवला. `bc1` नं सुरू होणारा पत्ता उपकरणाच्या पडद्याशी जुळवून घेतला. नवीन पत्ता म्हणून एक्स्चेंजनं २४ तास थांबवलं. दुसऱ्या दिवशी रक्कम निघाली आणि पाऊण तासात पोचलेली दिसली. बिटकॉइनचा नवा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, त्यामुळे एवढा वेळ लागला तर घाबरायचं कारण नसतं.

यानंतर बहुतेक लोक उरलेली रक्कम लगेच पाठवतात. आम्ही थांबलो आणि उपकरण मुद्दाम पुसून टाकलं. त्या मॉडेलमध्ये तीन वेळा चुकीचा पिन टाकला की आतलं सगळं जातं. आता वॉलेट परत येणार होतं ते फक्त कागदावरून. त्यानं शब्द एकेक भरले आणि उपकरणानं ते नाकारले. दोनदा केलं, दोनदा नाकारले. त्याचा चेहरा उतरला, कारण आत फक्त ०.००१ बिटकॉइन असला तरी तो अडकलेला होता.

चूक अक्षराची निघाली. त्यानं घाईत `wine` असं लिहिलं होतं आणि वाचताना ते `wing` वाटत होतं. (खरे शब्द वेगळे होते, उदाहरणासाठी मी बदलले आहेत.) दोन्ही शब्द यादीत आहेत, म्हणून भरताना काही खटकलं नाही. २४ शब्दांत शेवटी एक पडताळणीचा भाग असतो, तो जुळला नाही म्हणून उपकरणानं नाकारलं. ही पडताळणी प्रत्येक वेळी चूक पकडेलच असं नाही. क्वचित चुकीचे शब्दही मान्य होतात आणि मग चुकीची खूण दिसत नाही, एक रिकामं वॉलेट उघडतं. माणसाला वाटतं पैसे गेले.

शब्द दुरुस्त केल्यावर ०.००१ जसाच्या तसा परत दिसला. त्यानंतर उरलेला ०.०३९, शुल्क वजा जाता, पाठवला. ही तालीम केली नसती तर ती चूक दोन-तीन वर्षांनी, उपकरण बिघडल्यावर कळली असती. म्हणून मी सगळ्यांना एकच आग्रह धरतो: थोडे पैसे घाला, पुसा, कागदावरून परत आणा, मग मोठी रक्कम घाला.

शब्दांचा कागद कुठे ठेवायचा? आमच्याकडे पूर येतो.

कोल्हापुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. शुक्रवार पेठ, शाहूपुरी कुंभार गल्ली, बापट कॅम्प इथल्या लोकांना काय सांगायचं. आमच्या एका नातेवाइकाच्या लोखंडी कपाटात चार दिवस पाणी होतं. जेल पेननं लिहिलेलं सगळं वाहून गेलं, बॉलपेनचं बरंचसं वाचता आलं. बॉलपेनची शाई तेलाची असते, म्हणून. कागद मात्र एकमेकांना चिकटून लगदा झाले होते.

माझ्या भावानं उपाय त्याच्या धंद्यातलाच केला. ३०४ स्टेनलेसची पट्टी घेतली आणि अक्षरांच्या पंचनं शब्द ठोकले. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात, कारण यादी अशी बनवली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो. २४ शब्दांचे जास्तीत जास्त ९६ ठोके, आणि शेजारी क्रमांक. क्रमांक विसरू नका, क्रम बदलला की वॉलेट बदललं. लोखंडाची पट्टी गंजते, अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणजे घराला लागलेल्या आगीत टिकेलच असं नाही. स्टेनलेस पाण्याला आणि आगीला दोन्हींना पुरून उरतं. पण ठोकायचं स्वतः. उद्यमनगरात हे काम कुणीही दहा मिनिटांत करून देईल, आणि मग ते शब्द त्यालाही माहीत असतील. झेरॉक्सच्या दुकानाचंही तेच.

पट्टी त्यानं गडहिंग्लजला बहिणीच्या घरी, बंद पाकिटात ठेवली. कागद आणि उपकरण कोल्हापुरातच, पण वेगवेगळ्या जागी. एकाच पुरात, एकाच आगीत, एकाच चोरीत दोन्ही प्रती जाऊ नयेत, एवढंच गणित. बँकेचा लॉकरही चालतो.

अर्धे शब्द एका घरी, अर्धे दुसऱ्या घरी ठेवले तर?

हुशारीचं वाटतं, पण मी करू देत नाही. दोनपैकी कुठलीही एक जागा गेली तरी सगळं जातं, म्हणजे हरवण्याची शक्यता दुप्पट केली. वर १२ शब्दांच्या वॉलेटमधले सहा चोराला मिळाले तर उरलेल्यांचं काम त्याच्यासाठी पहिल्यापेक्षा पुष्कळ सोपं होतं. पूर्ण प्रती दोन, जागा दोन.

उपकरण हरवलं, बिघडलं किंवा कंपनीच बंद पडली तर?

नाणी उपकरणात नव्हतीच, तेव्हा घाबरू नका. दुसरं उपकरण घ्या, शब्द भरा. १२ आणि २४ शब्दांची पद्धत बहुतेक कंपन्यांत सारखी आहे, त्यामुळे एका कंपनीचे शब्द दुसरीच्या उपकरणात चालतात. काही नव्या उपकरणांत २० शब्दांची वेगळी पद्धत येते, ती सगळीकडे चालत नाही. घेताना हे पाहा आणि जमल्यास १२ किंवा २४ निवडा. उपकरण चोरीला गेलं असेल तर पिनमुळे थोडा वेळ मिळतो. त्या वेळात नव्या शब्दांचं नवं वॉलेट करून नाणी तिकडे हलवा.

मग नेमकं कुणाला काय?

वर्षानुवर्षं हात न लावणाऱ्याला कोल्ड. दर आठवड्याला चार वेळा व्यवहार करणाऱ्याला हॉट, कारण उपकरण शोधून, जोडून, पत्ता वाचून सही करण्याचा कंटाळा आला की माणूस न वाचताच बटण दाबायला लागतो आणि मग कोल्डचा उपयोग उरत नाही. नवनव्या साइटवर टोकन, गेम, एनएफटी असलं करून बघणाऱ्या पोरांना तर वेगळं हॉट वॉलेट आणि त्यात बुडाले तरी चालतील एवढेच पैसे. कोल्ड उपकरणाचं खातं असल्या साइटला जोडू नका.

ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्यांना गुजरीतल्या सराफासारखं वागावं लागतं. दिवसाच्या गिऱ्हाइकीपुरता माल शोकेसमध्ये, बाकीचा तिजोरीत, आणि शोकेसमधला वाढला की आत. माझ्या भावानं मोबाईलवर वीस हजारांची मर्यादा ठेवली आहे, वर गेलं की कोल्डमध्ये टाकतो.

आणि काहींना दोन्ही नको. सत्तरीतले एक काका मुलानं घेऊन दिलेलं उपकरण घेऊन आले होते. त्यांना शब्द म्हणजे काय, ते कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. मुलगा पुण्यात. मी त्यांना शिकवायच्या आधी मुलाला फोन केला आणि किल्ली त्यानंच सांभाळावी असं सांगितलं.

एक्स्चेंजवरून आपल्या वॉलेटमध्ये हलवलं तर कर लागतो का?

स्वतःच्याच वॉलेटमध्ये नाणी हलवणं म्हणजे विक्री नाही, त्यामुळे नफ्याचा प्रश्न येत नाही. विकाल तेव्हा नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर आहे, आणि विक्रीच्या रकमेतून १ टक्का टीडीएस जुलै २०२२ पासून कापला जातो. एका नाण्याचं दुसरं नाणं केलं तर तेही हस्तांतरणच. अडचण हिशोबाची होते: नाणी बाहेर काढली की एक्स्चेंजच्या अहवालात खरेदीची किंमत आणि पुढचा प्रवास तुटतो. बाहेर काढायच्या दिवशीच खरेदीचे सगळे अहवाल उतरवून घ्या आणि व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवा. बाकीचं तुमच्या सीएला विचारा.

माझं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना हे कसं मिळणार?

वारस नोंदवायला इथे बँक नाही. शब्द मिळाले तर मिळालं, नाहीतर नाही. पण आत्ताच सगळ्यांना शब्द सांगून ठेवणंही बरोबर नाही.

माझ्या भावानं बायकोसाठी एक पान लिहून ठेवलं आहे. त्यात शब्द नाहीत. हे कशाचं वॉलेट आहे, उपकरण कुठे आहे, पट्टी गडहिंग्लजला त्याच्या बहिणीकडे पाकिटात आहे, ते पाकीट कुणाच्याही सांगण्यावरून फोडायचं नाही, शब्द मोबाईलमध्ये टाकायचे नाहीत, कुणी मदतीला आलं तर पट्टी त्याच्या हातात द्यायची नाही, असं साध्या मराठीत लिहिलं आहे. खाली माझा नंबर आहे. गेल्या दिवाळीत वहिनींनी ते पान वाचून मला विचारलं, "भाऊजी, यातलं मला एवढंच कळलं नाही, उपकरण पुसलं तर पैसे जातात का?" आम्ही चहा होईपर्यंत ते परत एकदा करून पाहिलं: पुसलं, आणि या वेळी शब्द त्यांनी स्वतः भरले.